ही ओळ कोणत्या दुकानाची?

समजा, येवल्यात पैठणीचं एक दुकान आहे आणि पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दुसरं. दोघांनी एकाच कंपनीकडून व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा चॅटबॉट घेतला आहे. येवल्याचं दुकान ७ दिवसांत साडी बदलून देतं, फक्त फॉल-पिको झालेलं नसावं. पुण्याच्या दुकानात काउंटरमागेच पाटी लावली आहे की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. रविवारी रात्री एक बाई पुण्याच्या दुकानाच्या नंबरावर विचारतात, "काल घेतलेली साडी बदलून मिळेल का?" बॉट त्यांना कळवतो की ७ दिवसांच्या आत आणा, फॉल-पिको मात्र केलेलं नको. उत्तर नम्र आहे, मुद्देसूद आहे आणि ते दुसऱ्याच दुकानाचं आहे. सोमवारी बाई पिशवी घेऊन दुकानात येतात तेव्हा मालकाला पहिल्यांदा कळतं.

हीच गफलत साडीचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्यात झाली असती, तर पहिल्याच ग्राहकाने ती ओळखली असती. पैठणीबद्दल विचारल्यावर रूट कॅनॉलचा खर्च कळला तर कोणीही चमकेल. पण माहिती शोधण्याची पद्धत अशी आहे की दवाखान्याचा मजकूर साडीच्या प्रश्नाजवळ फारसा फिरकतच नाही. जवळ येतो तो दुसऱ्या साडीवाल्याचा मजकूर. म्हणजे सरमिसळ व्हायची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथेच ती डोळ्यांना सर्वांत कमी दिसते. एका प्लॅटफॉर्मवर अनेक व्यवसायांचे बॉट चालवण्यातली खरी अडचण ही आहे आणि हे सगळं प्रकरण तिच्याभोवती आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. या बॉटमागचं भाषा-मॉडेल सगळ्या दुकानांसाठी एकच असतं आणि वापरताना ते कोणत्याही दुकानाची माहिती स्वतःजवळ साठवत नाही. प्रत्येक प्रश्नाच्या वेळी प्लॅटफॉर्म एक लांबलचक मजकूर नव्याने जुळवतो आणि मॉडेलकडे पाठवतो. त्यात वरती सिस्टम प्रॉम्प्ट असतो: तू अमुक दुकानाचा मदतनीस आहेस, असं बोल, भाव सांगू नकोस, अडलं तर या नंबरावर पाठव. त्याखाली त्या दुकानाच्या माहितीसाठ्यातून प्रश्नाला जुळणारे चार-पाच उतारे. मग त्या ग्राहकाशी आधी झालेलं बोलणं आणि शेवटी ग्राहकाचा ताजा प्रश्न. मॉडेल हे सगळं वाचून उत्तर लिहितं, की काम संपलं. पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव.

यातून निष्कर्ष निघतो तो सोपा आहे, पण व्यवहारात तो सारखा विसरला जातो. दुकानं वेगळी ठेवण्याचं काम मॉडेलवर सोपवायचंच नाही. मी असे सिस्टम प्रॉम्प्ट वाचले आहेत ज्यांत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की 'फक्त याच दुकानाची माहिती दे, इतर दुकानांची देऊ नकोस', आणि खाली पाच उताऱ्यांपैकी दोन भलत्याच दुकानाचे असतात. मॉडेलला ते कसं कळणार? 'साडी ७ दिवसांत बदलून मिळेल' या वाक्यावर कोणाचंच नाव नाही. जो मजकूर मॉडेलपर्यंत पोचलाच नाही तो त्याच्या तोंडून बाहेर पडू शकत नाही. एकदा पोचला, की मग कितीही कडक सूचना द्या, ती विनंतीच असते.

तेव्हा प्रश्न असा उरतो: जुळवलेल्या मजकुरातली प्रत्येक ओळ कोणत्या दुकानाची आहे हे प्लॅटफॉर्मला कसं कळतं, आणि वाटेत ते कुठे हरवतं?

सुरुवात निरोप येतो तिथून करू. मेटाच्या क्लाउड एपीआयवर एका प्लॅटफॉर्मचे शेकडो व्यवसाय असले, तरी त्या सगळ्यांचे निरोप सहसा एकाच पत्त्यावर, म्हणजे एकाच वेबहूकवर येऊन पडतात. प्रत्येक निरोपाबरोबर `metadata` नावाच्या भागात `phone_number_id` असतो. ज्या व्यवसायाच्या नंबरावर निरोप आला त्याचा हा ओळख-क्रमांक. दुकान ठरवायचं ते यावरूनच. ग्राहकाने मजकुरात कोणत्या दुकानाचं नाव लिहिलं यावरून नाही, ग्राहकाच्या स्वतःच्या नंबरावरून तर मुळीच नाही. निरोप खरोखर मेटाकडूनच आला आहे याची खात्री `X-Hub-Signature-256` या शीर्षकातल्या सहीवरून आधी करून घ्यायची. नाहीतर बाहेरचा कोणीही हवा तो ओळख-क्रमांक टाकून हव्या त्या दुकानाच्या नावाने प्रश्न विचारू शकेल.

दुकान ठरलं की त्याचा क्रमांक, समजा पुण्याच्या दुकानाचा १७, त्या निरोपाला चिकटला पाहिजे आणि उत्तर जाईपर्यंत सुटता कामा नये. वेबहूकला लगेच पोच द्यावी लागते, नाहीतर मेटा तोच निरोप पुन्हा पाठवतं. म्हणून प्लॅटफॉर्म निरोप रांगेत टाकतो आणि उत्तराचं काम मागे चालणारा दुसरा प्रोग्रॅम करतो. क्रमांक सुटण्याची पहिली जागा ही. रांगेत फक्त प्रश्नाचा मजकूर टाकला आणि 'सध्याचं दुकान' एखाद्या सामायिक चलात ठेवलं, तर चाचणीत सगळं सुरळीत चालतं, कारण चाचणी करणारा एका वेळी एकच प्रश्न विचारतो. दिवाळीच्या आठवड्यात एकाच सेकंदाला दोन दुकानांचे निरोप आले की दुसरा पहिल्याचं चल पुसून टाकतो. म्हणून रांगेतल्या प्रत्येक कामात दुकानाचा क्रमांक लिहिलेला असावा, आणि नसेल तर ते काम चालवायचंच नाही.

आता माहितीसाठा. दुकानाने दिलेली कागदपत्रं, दरपत्रकं, नेहमीचे प्रश्न यांचे लहान लहान उतारे पाडतात. प्रत्येक उताऱ्यातून शेकडो आकड्यांची एक माळ तयार होते. तिला एम्बेडिंग म्हणतात. अर्थ जवळचा असेल तर माळाही एकमेकींच्या जवळ असतात. ग्राहकाच्या प्रश्नाचीही तशीच माळ करायची आणि तिच्या सर्वांत जवळचे उतारे उचलायचे. येवल्याचा 'बदलून मिळेल' आणि पुण्याचा 'बदलून मिळणार नाही' हे दोन्ही उतारे त्या बाईंच्या प्रश्नाच्या अगदी लगत असतात, कारण विषय एकच आहे. होकार-नकाराचा फरक या मोजमापात फारसा उतरत नाही.

प्रत्येक दुकानाचा डेटाबेसच वेगळा ठेवला तर काम सोपं होतं, पण पाचशे दुकानांचे पाचशे डेटाबेस सांभाळणं खर्चाचं आणि किचकट असतं. बँक किंवा रुग्णालय असेल तर तो खर्च जरूर करावा. लहान व्यवसायांसाठी बहुतेक ठिकाणी सगळे उतारे एकाच टेबलात असतात आणि प्रत्येक उताऱ्यापुढे दुकानाचा क्रमांक असतो. मग शोध घेणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरने न विसरता 'दुकान १७ पुरतंच' ही अट घालायची. माणूस शंभरदा घालेल आणि एकदा विसरेल. नवा अहवाल बनवताना किंवा रात्री घाईत दुरुस्ती करताना हमखास.

म्हणून ती अट माणसाच्या हातून काढून डेटाबेसकडे द्यावी. पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ओळींच्या पातळीवरची सुरक्षा आहे. टेबलावर एकदाच नियम लावला की पुढे कोणी अट लिहिली किंवा विसरली, तरी आपल्या दुकानाच्या ओळींपलीकडे काही दिसत नाही:

```sql
ALTER TABLE chunks ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE chunks FORCE ROW LEVEL SECURITY;

CREATE POLICY own_shop ON chunks USING (
  shop_id = nullif(current_setting('app.shop_id', true), '')::bigint
);
```

दुसरी ओळ गाळू नका. ती नसेल तर टेबलाच्या मालकाला हा नियम लागूच होत नाही, आणि कित्येक प्लॅटफॉर्मवर टेबल बनवणारं आणि रोज वापरणारं खातं एकच असतं. नियम लावलेला दिसतो, काम मात्र काहीच करत नाही. सुपरयूजर खात्याला तर `FORCE` असूनही नियम अडवत नाही, तेव्हा बॉटचा प्रोग्रॅम साध्या खात्यानेच जोडलेला हवा. कंसातला `true` आणि `nullif` यांच्यामुळे दुकानाचा क्रमांक ठरवायचा राहिला तर शोधाला एकही ओळ मिळत नाही. हे मुद्दाम केलं आहे. क्रमांक नाही तर काहीच नाही. बॉटने माहिती नसल्याचं सांगितलं तर दुकानदाराचा फोन येतो आणि चूक सापडते. दुसऱ्याच दुकानाची माहिती दिली तर फोन कोणाचाच येत नाही.

प्रत्यक्ष शोध असा घ्यायचा:

```sql
BEGIN;
SET LOCAL app.shop_id = '17';
SELECT id, shop_id, body FROM chunks
ORDER BY embedding <=> $1 LIMIT 5;
COMMIT;
```

इथे `SET LOCAL` मधल्या `LOCAL` या एका शब्दावर सगळं अवलंबून आहे. डेटाबेसशी जोडणी करायला वेळ लागतो, म्हणून प्लॅटफॉर्म थोड्या जोडण्या उघड्या ठेवतो आणि आळीपाळीने सगळ्या कामांना देतो. नुसतं `SET` लिहिलं तर काम संपल्यावरही १७ हा क्रमांक त्या जोडणीवर तसाच राहतो. पुढचं काम येवल्याचं असेल आणि त्याने आपला क्रमांक ठरवायचं काही कारणाने राहून गेलं, तर ते पुण्याच्या दुकानाच्या नावाने निमूट चालू लागतं. गिरणीत ज्वारीनंतर उपासाची भगर टाकली की पहिल्या ओंजळीत ज्वारीचं पीठ येतंच, कारण जात्यात ते उरलेलं असतं. `SET LOCAL` ने लावलेला क्रमांक `COMMIT` होताच जातो, पुढच्यासाठी काही उरत नाही.

जोडणीत असं उरलेलं काय करू शकतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण खुद्द चॅटजीपीटीचं आहे. २० मार्च २०२३ रोजी काही वापरकर्त्यांना आपल्या खात्यात दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली आणि ओपनएआयला सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. कंपनीने नंतर कारण जाहीर केलं. रेडिस या साठ्याशी बोलणाऱ्या `redis-py` या खुल्या लायब्ररीत दोष होता. एखादी मागणी जोडणीवर पाठवली गेली आणि उत्तर उचलण्याआधीच रद्द झाली, तर उत्तर जोडणीवर तसंच पडून राही. मग ती जोडणी ज्याला मिळे त्याला आधीच्याचं उत्तर मिळे. उत्तराचा प्रकार अपेक्षेपेक्षा वेगळा असला तर बहुधा त्रुटी येई. प्रकार जुळला तर ते खरं मानलं जाई. त्या दिवशी सर्व्हरमधल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या मागण्या एकदम वाढल्या आणि एरवी क्वचित घडणारी गोष्ट ठळक झाली. नऊ तासांच्या एका अवधीत सक्रिय असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे अशी माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली.

या घटनेत कोणी अट लिहायला विसरलं नव्हतं. मागणी बरोबर होती, उत्तर चुकीच्या माणसाला गेलं. म्हणून मला त्यांनी केलेल्या उपायांपैकी एक फार महत्त्वाचा वाटतो: साठ्यातून आलेली माहिती मागणाऱ्या वापरकर्त्याचीच आहे का, हे परत येताना पुन्हा तपासणं. वरच्या शोधात `id` आणि `body` बरोबर `shop_id` मागवला आहे तो याचसाठी. पाच उतारे हातात आले की मॉडेलकडे पाठवण्याआधी प्रोग्रॅमने प्रत्येकाचा क्रमांक निरोपावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. एक जरी वेगळा निघाला तर उत्तर थांबवावं आणि कर्तव्यावरच्या माणसाला जागं करावं. डेटाबेसचा नियम नीट असेल तर ही तपासणी वर्षानुवर्षं काहीच पकडणार नाही, तरी ती ठेवावी.

आता उलट्या बाजूची अडचण. कुंपण घट्ट असलं तरी उत्तर चुकू शकतं, आणि ते दुरुस्त करण्याच्या नादात कुंपणच काढून टाकलं जातं. लाखो माळांमधून जवळच्या माळा पटकन शोधण्यासाठी अंदाजी अनुक्रमणिका वापरतात. पोस्टग्रेसच्या pgvector या विस्तारातली HNSW ही त्यांपैकी एक. ती आधी सगळ्या टेबलातून जवळचे साधारण ४० उमेदवार काढते (`hnsw.ef_search` चं मूळ मूल्य ४० आहे) आणि दुकानाची अट त्यानंतर लावते. टेबलातल्या १० टक्के ओळी तुमच्या दुकानाच्या असतील तर त्या चाळिसांतून सरासरी चारच हाती लागतात. समजा टेबलात ५०,००० उतारे आहेत आणि येवल्याच्या दुकानाचे १००. हे प्रमाण ०.२ टक्के झालं. साड्यांची आणखी दहा मोठी दुकानं त्याच टेबलात असतील, तर बदलाच्या प्रश्नाजवळचे चाळीसही उमेदवार त्यांचेच निघू शकतात. अट लावली की उरतं शून्य, आणि बॉट येवल्याच्या ग्राहकाला सांगतो की याबद्दल माहिती उपलब्ध नाही. माहिती टेबलात असते, नीट भरलेली असते.

याची खूण अशी: लहान दुकानांचे बॉट सारखे 'माहिती नाही' म्हणतात, मोठ्यांचे म्हणत नाहीत. नोंदींत पाहिलं तर सापडलेले उतारे पाचाऐवजी शून्य किंवा एक असतात. इथे घाईत कोणीतरी ठरवतं की आधी मोकळा शोध घेऊ, वीस-तीस उतारे आणू आणि मग आपल्या प्रोग्रॅममध्ये गाळू, आणि त्यासाठी सुरक्षा-नियमातून सूट मागतं. ही सूट देऊ नये. उपाय साधा आहे. शंभर किंवा हजार उतारे असतील तर अंदाजी अनुक्रमणिकेची गरजच नाही. त्या दुकानाच्या सगळ्या माळा एकेक करून मोजल्या तरी ग्राहकाला जाणवेल इतका वेळ लागत नाही आणि सर्वांत जवळची माळ सुटत नाही. मोठ्या दुकानांसाठी टेबलाचे दुकानवार भाग पाडावेत, म्हणजे प्रत्येकाची अनुक्रमणिका वेगळी होते. २०२४ मधल्या pgvector ०.८.० पासून पुरेशा ओळी मिळेपर्यंत शोध पुढे चालू ठेवण्याचीही सोय आहे. तिला `hnsw.iterative_scan` म्हणतात.

माहितीसाठ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. संभाषणाच्या आठवणीकडे कमी असतं आणि मला ती जागा जास्त नाजूक वाटते. ग्राहक ओळखायचा कशावरून? व्हॉट्सॲपवर त्याच्या मोबाइल नंबरावरून, हे सहज सुचतं. मग 'या नंबराशी झालेलं आधीचं बोलणं' असा साठा तयार होतो. आता एखाद्या बाईने मुलीच्या लग्नासाठी पुण्याच्या दुकानात चौकशी केली, तारीख आणि खर्चाचा अंदाज सांगितला आणि दुसऱ्या दिवशी येवल्याच्या दुकानाला निरोप पाठवला. आठवण फक्त नंबरावर बांधलेली असेल तर येवल्याच्या बॉटपुढे पुण्याचं बोलणं येतं. तो आपणहून लग्नाचा आणि तेवढ्याच खर्चाचा विषय काढतो. माहितीसाठा पूर्ण शाबूत आहे, सिस्टम प्रॉम्प्ट बरोबर आहे, तरीही एका माणसाचं खासगी बोलणं एका व्यापाऱ्याकडून त्याच्या स्पर्धकाकडे गेलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार त्या बाईंना जबाबदार पुण्याचं दुकान आहे; प्लॅटफॉर्म त्या दुकानाच्या वतीने माहिती हाताळतो. म्हणजे पुण्याच्या दुकानदाराला अशा गोष्टीबद्दल उत्तर द्यावं लागेल जी त्याने केली नाही आणि त्याला दिसतही नाही. आठवणीची किल्ली नेहमी दुकान आणि ग्राहक या जोडीची असली पाहिजे.

उत्तरांच्या साठ्याचंही तसंच. खर्च वाचावा म्हणून प्लॅटफॉर्म वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं ठेवून देतात आणि अर्थाने जवळचा प्रश्न आला की मॉडेलला न विचारता तेच उत्तर देतात. 'दुकान किती वाजता उघडतं?' हा प्रश्न सगळ्या दुकानांत अक्षरशः एकसारखा आहे. किल्लीत दुकान नसेल तर ज्या दुकानाला तो पहिल्यांदा विचारला गेला त्याची वेळ सगळ्यांची होते. दुकानाने माहिती बदलली की त्याची साठवलेली उत्तरं पुसायची हेही त्याच किल्लीमुळे शक्य होतं; म्हणून किल्लीत माहितीसाठ्याचा आवृत्ती-क्रमांकही घालावा.

सिस्टम प्रॉम्प्टमधली सरमिसळ मात्र बहुधा यंत्र करत नाही, माणूस करतो. नवा साडीवाला ग्राहक आला की जुन्या साडीवाल्याचा प्रॉम्प्ट उचलायचा आणि नाव बदलायचं, ही रोजची पद्धत आहे. नाव बदलतं, तिसऱ्या परिच्छेदातला तक्रारींचा फोन नंबर तसाच राहतो. हे टाळण्यासाठी प्रॉम्प्टचे दोन भाग करावेत. एक प्लॅटफॉर्मचा, सगळ्यांना समान: भाषा, सभ्यता, माहिती नसेल तर काय करायचं. दुसरा दुकानाचा, आणि त्यात नाव, फोन, पत्ता, वेळा हे गाळलेल्या जागांमध्ये दुकानाच्या नोंदीतूनच भरले जावेत. जागा रिकामी असेल तर प्रॉम्प्ट तयारच होऊ नये. 'नसेल तर मूळ नमुन्यातलं घे' अशी सोय ठेवली की एखाद्या दिवशी नमुन्यातला फोन नंबर पन्नास दुकानांच्या ग्राहकांकडे जातो.

आणि प्रॉम्प्टमध्ये गुपित ठेवू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग चॅटला आधीच्या सूचना बाजूला ठेवायला सांगून एका विद्यार्थ्याने त्याचा सिस्टम प्रॉम्प्ट, 'सिडनी' या अंतर्गत नावासकट, वाचून काढला. प्रॉम्प्ट कधी ना कधी ग्राहकापुढे येणार असं धरूनच लिहावा. त्यात घाऊक खरेदीचा भाव, पासवर्ड किंवा प्लॅटफॉर्मवरच्या इतर दुकानांची यादी असू नये.

आता बॉटला नुसती उत्तरंच देता येतात असं नाही, कामंही करता येतात. 'माझी ऑर्डर १०४२ कुठे आहे?' असं विचारलं की मॉडेल ऑर्डर शोधण्याचं साधन मागवतं आणि त्याला क्रमांक देतं. १०४२ क्रमांकाची ऑर्डर येवल्यातही आहे आणि पुण्यातही. साधनाची रचना करताना काही जण मॉडेलकडून दोन गोष्टी भरून घेतात, दुकानाचा क्रमांक आणि ऑर्डरचा क्रमांक. मग ग्राहकाने गप्पांत 'मी येवल्याच्या दुकानाबद्दल बोलतोय' असं म्हटलं, की मॉडेल भलता दुकान-क्रमांक भरू शकतं. मॉडेलने फक्त ऑर्डरचा क्रमांक भरावा. दुकानाचा क्रमांक निरोपावर चिकटलेला आहे, तो सर्व्हरने स्वतः घालावा आणि मॉडेलला तो दिसूही नये. शिवाय ऑर्डर विचारणाऱ्या नंबराचीच आहे का हेही तिथेच पाहावं.

हे सगळं केल्यावर ते चालतंय हे कसं कळणार? सर्वांत भरवशाची पद्धत अशी. प्रत्येक दुकानाच्या माहितीसाठ्यात एक खोटा उतारा पेरायचा, जो कोणत्याही खऱ्या ग्राहकाच्या प्रश्नाशी जुळणार नाही: 'निळ्या कासवाचा सांकेतिक शब्द: चिकू-४७१'. प्रत्येक दुकानाचा शब्द वेगळा. मग रोज रात्री एका स्वयंचलित चाचणीने प्रत्येक दुकानाच्या बॉटला निळ्या कासवाचा सांकेतिक शब्द विचारायचा. प्रत्येकाने स्वतःचाच शब्द द्यायला हवा. दुसऱ्याचा आला तर सरमिसळ सिद्ध झाली. आपलाही आला नाही तर वर सांगितलेला शून्य उताऱ्यांचा दोष आहे. सगळ्या दुकानांचे खोटे उतारे जवळजवळ एकसारखे असल्यामुळे ही परीक्षा दोन साडीवाल्यांच्या परिस्थितीसारखीच, किंबहुना जास्त कठीण असते. चाचण्या एकामागून एक चालवू नयेत. शंभर दुकानांना एकाच वेळी विचारावं आणि काही मागण्या मध्येच रद्दही कराव्यात, कारण चॅटजीपीटीचा २०२३ चा तो दोष रद्द झालेल्या मागण्यांतूनच वर आला होता.

दुसरं साधन म्हणजे नोंद. दिलेल्या प्रत्येक उत्तराबरोबर दुकानाचा क्रमांक, वापरलेल्या उताऱ्यांचे क्रमांक, प्रॉम्प्टची आवृत्ती आणि उत्तर साठ्यातून आलं की नव्याने लिहिलं हे टिपून ठेवावं. पुण्याच्या दुकानदाराचा सोमवारी फोन आला की नोंद उघडायची. उताऱ्यांत येवल्याचा उतारा दिसला तर शोधाचं कुंपण तुटलं आहे. उतारे सगळे पुण्याचे, पण उत्तर साठ्यातून आलेलं असेल तर किल्ली चुकली आहे. उतारे पुण्याचे, उत्तर नव्याने लिहिलेलं, आठवणीतही येवल्याचा मागमूस नाही आणि तरीही ७ दिवस? मग बदलाबद्दलचा उतारा सापडला होता का ते पाहायचं. नसेल, तर मॉडेलने दुकानांच्या सर्वसाधारण रिवाजावरून आपल्या मनाने ७ दिवस लिहिले आहेत. हे दिसायला सरमिसळीसारखंच असतं, पण दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. पुण्याच्या दुकानाने पाटी भिंतीवर लावली होती, बॉटच्या माहितीत ती कोणी लिहिलीच नव्हती, असंही निघू शकतं. नोंद नसेल तर ही चार कारणं वेगळी करता येत नाहीत आणि प्रत्येक वेळी दोष मॉडेलच्या माथी मारला जातो.

दुकानदाराच्या दृष्टीने यातलं कोणतंही कारण असलं तरी ग्राहकाला दिलेला शब्द त्याचाच ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्ध हेच ठरवलं. नातेवाइकाच्या मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्या एकाला कंपनीच्या बॉटने सवलतीचा अर्ज नंतरही करता येईल असं सांगितलं होतं. कंपनीचं धोरण तसं नव्हतं. बॉट हा स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे अशा अर्थाचा बचाव कंपनीने करून पाहिला. न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि भरपाई द्यायला लावली. तो बॉट निदान एकाच कंपनीचा होता. पुण्याचा दुकानदार येवल्याच्या शब्दाला बांधला गेला, तर तो प्लॅटफॉर्मकडे नोंद मागणारच, आणि ती त्याला फक्त त्याच्या दुकानापुरती दाखवता आली पाहिजे. म्हणजे नोंदींच्या टेबलालाही तोच नियम हवा, जो उताऱ्यांच्या टेबलाला लावला.

याच नियमाचा एक उपयोग एखादं दुकान प्लॅटफॉर्म सोडून जातं तेव्हा होतो. दुकान १७ चं सगळं पुसा म्हटल्यावर उतारे, माळा, आठवणी, साठवलेली उत्तरं आणि प्रॉम्प्टच्या आवृत्त्या या सगळ्यांवर १७ हा क्रमांक असेल तर ते काही मिनिटांचं काम आहे. नोंदी आणि बॅकअप किती दिवसांनी जातील हे करारात आधीच लिहिलेलं असावं. पण सगळ्या दुकानांची संभाषणं एकत्र करून त्यांवर मॉडेल शिकवून तयार केलं असेल, तर त्यातून पुण्याच्या दुकानाचा वाटा वेगळा काढता येत नाही. जुनं मॉडेल टाकून, त्याची संभाषणं वगळून, शिकवणी पुन्हा सुरू करावी लागते. म्हणून एकत्र शिकवणीचा प्रस्ताव समोर आला की त्याला होकार देण्याआधी प्रत्येक दुकानाची लेखी संमती आहे का, आणि एक दुकान गेलं तर नवं मॉडेल बनवण्याचा खर्च कोण उचलणार, हे विचारून घ्यावं.